कापसानं निम्मी भरलेली खोली, दोन रबरी पट्टे, आणि ओढायला काहीच नाही

कापूसखोली
नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. जिम आहे ते तालुक्याला, आणि तिथं सगळी पोरंच जातात. अंगणात व्यायाम करायची सोय नाही, समोरूनच रस्ता जातो आणि सासरे ओट्यावर बसलेले असतात. म्हणून जे काय करायचं ते रात्री लेकरू झोपल्यावर, आमच्या खोलीत, दार लावून.

खोली ८ बाय १० फूट. त्यात आठ क्विंटल कापूस टाकला आहे, भाव वाढायची वाट पाहत. निम्मी खोली गेली. खाट उभी करून भिंतीला टेकवली की खिडकीपासून कापसाच्या ढिगापर्यंत साडेसहा फूट लांब आणि चार फूट रुंद जागा उरते.

जोर आणि बैठका या जागेत नीट होतात. ढकलायला जमीन आहे, पण ओढायला काहीच नाही. म्हणून ऑनलाइन दोन रबरी पट्टे मागवले, बंद गोल असतात ते. एक १३ मिलिमीटर रुंद, दुसरा २२ मिलिमीटर. जमिनीवर सपाट ठेवले तर दोन्ही ४१ इंच लांब भरतात. जाड्या पट्ट्याच्या पाकिटावर १५ ते ३५ किलो लिहिलं आहे.

जाडा पट्टा खिडकीच्या गजात अडकवून, ढिगाला पाठ लागेपर्यंत मागे सरकून, दोन्ही हातांनी पोटाकडे ओढते. सुरुवातीला काहीच जोर लागत नाही. मग शेवटच्या वितीत एकदम अडकतं. कोपर बरगडीच्या मागे जातच नाही, खांदे कानापर्यंत चढतात, दुसऱ्या दिवशी मान धरते. पाठीत मात्र काही केल्याचं जाणवत नाही. पट्टा जास्त जाड आहे का? की माझं काही चुकतंय?

नागपूर_रिटर्न
ताई, मी तीन वर्षं नागपुरात जिममध्ये ट्रेनर होतो, आता गावी आलोय. जाडा पट्टा सोडू नका. शेवटी अडकतं म्हणजे तिथं ताकद कमी आहे, महिनाभरात येईल. हलक्या पट्ट्यानं नुसता घाम निघतो, पाठ बनत नाही.

दुसरं, पट्टा परत सोडताना सोडून देऊ नका. रबर हात ओढून नेतं आणि अर्धा व्यायाम वाया जातो. ओढायला एक सेकंद, सोडायला तीन मोजा. आणि खिडकीऐवजी दाराला लावायचा अँकर मिळतो, तो घ्या. दाराच्या फटीत घालून दार लावायचं, झालं.

मंदाताई_घाटंजी
मलाही कमरेसाठी पट्टा सांगितलाय डॉक्टरांनी. चार इंचाचा घेऊ की आठ इंचाचा? कापूस वेचून वेचून संध्याकाळी सरळ उभं राहवत नाही. तुमचा पट्टा रात्री झोपतानाही बांधता का?

कापूसखोली
मंदाताई, हा कमरेला बांधायचा पट्टा नाही हो. ताणायचं रबर आहे, सायकलच्या ट्यूबसारखं, व्यायामासाठी. कमरेच्या पट्ट्याचं ज्यांनी लिहून दिलं त्यांनाच विचारा. माप कमरेवर असतं, अंदाजानं नका घेऊ.

नागपूरभाऊ, सोडताना तीन मोजून पाहिलं. फरक पडतो, हात खेचला जात नाही. पण कोपर तिथंच अडकतं.

मैदान_पास_व्हायचंय
दाराचा अँकर लावायच्या आधी माझं ऐका. आमचं दार दोन पाखांचं, जुनं सागवानी, मधे बोटभर फट. अँकर त्यातून निसटतो म्हणून मी पट्टा आतल्या कडीलाच अडकवला. आठव्या की नवव्या वेळेला कडीचे स्क्रू लाकडातून उपटले आणि कडी येऊन भुवईवर बसली. तीन टाके पडले. अर्ध्या इंचानं डोळा वाचला.

मी पोलीस भरतीची तयारी करतोय. गोळा ७.२६० किलोचा आहे आणि माझा पुरेसा लांब जात नाही. पट्ट्यानं वाढेल का कोणी सांगा.

निवृत्त_पीटी_सर
डोळा वाचला हे नशीब. कडी, कोयंडा, खुंटी, पंख्याचा हूक, यांपैकी कशालाही पट्टा बांधू नका. कडीचे स्क्रू बाजूनं येणारा ओढ सोसायला बसवलेले असतात, सरळ उपटणारा नाही. एकपाखी जाड दार असेल, चौकटीत घट्ट बसत असेल, तर अँकर चालतो. पण तो बिजागरीच्या बाजूनं घालायचा आणि ओढल्यावर दार बंद व्हायला हवं अशा बाजूला उभं राहायचं. दार आपल्या अंगावर उघडत असेल तर कडी कितीही मजबूत असो, नको.

आता ताईंचा प्रश्न. तुमचं काही चुकत नाही, पट्टाही खराब नाही. जागा, पट्टा आणि ओढण्याची क्रिया, यांचं जमत नाहीये.

बादली विहिरीतून ओढली तर वर येईपर्यंत तेवढीच जड राहते. रबराचं तसं नसतं, जितकं ताणाल तितकं जड. बैठकेत हे सोयीचं पडतं. उभं राहत येतो तसे पाय जास्त ताकद लावू शकतात, आणि पट्टाही तेव्हाच जड होतो. जोरातही तेच. पण ओढताना आपण नेमके शेवटी, कोपर मागे गेल्यावर, सगळ्यात कमजोर असतो. आणि पट्टा तिथंच सगळ्यात जड. म्हणून शरीर पळवाट शोधतं. फरे मागे जायच्या ऐवजी खांदे वर चढतात आणि मान ते ओझं उचलते. पाठीला काही मिळत नाही ते यामुळं.

नागपूरभाऊंचं सावकाश सोडणं शंभर टक्के बरोबर. पण शेवटी अडकतं ते ताकद आल्यावर सुटेल, हे पटत नाही. पाठ त्या शेवटच्या वितीत पोचतच नसेल तर तिथली ताकद येणार कुठून?

कापूसखोली ताई, एक सांगा. गजापासून तुमचे हात सुरुवातीला किती फुटांवर असतात आणि शेवटी किती? तेवढं कळलं तर नेमकं बोलता येईल. पाकिटावरचे १५ ते ३५ किलो कुठल्या लांबीला आहेत ते लिहिलेलं नसतं, त्यामुळं त्याचा उपयोग नाही.

कास्तकार_अकोट
सर, किलोच पाह्यचे असतीन तं कापूस मोजाचा लटकता काटा हाय ना घरोघरी. वेचणारनीचं गाठोडं मोजतो तोच. माह्याकडे डिजिटल हाय, ५० किलोचा. एक टोक गजाले, दुसऱ्या टोकाले काटा, आन् ओढा. जमिनीवर खडूनं फुटाच्या रेघा मारा. लागली ते रेघ, आला तो आकडा. पाकीट कायले पाह्यता?

आन् एक. पट्टे विकत कायले घेता, ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे कापून घ्या. आमचे पोट्टे तेच वापरतेत.

निवृत्त_पीटी_सर
कास्तकार दादा, काट्याचं तुम्ही लाख मोलाचं बोललात. इतकी वर्षं शाळेत शिकवलं, पण हे डोक्यात आलं नव्हतं.

फक्त एक काळजी घ्या. काट्याचा हूक लोखंडी असतो. पट्टा निसटला तर तोच हूक गोळीसारखा येतो. म्हणून काटा आणि पट्टा यांच्यामध्ये कापडाचा फास घाला, हूक कापडानं गुंडाळा, आणि ओढताना तोंड पट्ट्याच्या रेषेत ठेवू नका, बाजूला उभे राहा.

ट्यूबचं म्हणाल तर, कापलेल्या कडेवर कात्रीचे बारीक खाच राहतात. दिसत नाहीत, पण ताणल्यावर तिथूनच फाट पुढं जाते. पंक्चरची चकती असेल तिथंही तेच. ताईंनी नको. तुमची पोरं वापरतात तर त्यांना सांगा, कडा नखानं चाचपून पाहा, खाच लागली की तो तुकडा बैलगाडीला बांधायला.

कापूसखोली
कास्तकार दादा, आमच्याकडेही काटा आहे, सासऱ्यांनी वेचणीसाठी घेतलेला. काल रात्री यांनी ओढलं, मी आकडे लिहिले. गजापासून मोजलं आहे.

जाडा पट्टा ४ फुटांवर ४ किलो, ५ फुटांवर साडेनऊ, ६ फुटांवर १३, ७ फुटांवर १६. ताणून ७ फुटांवर नेला तेव्हा कुठं पाकिटावरचा खालचा आकडा आला. बारीक पट्टा ४ फुटांवर २.४, ५ वर ५.६, ६ वर ७.७ आणि ७ वर साडेनऊ.

६ आणि ७ फुटांचे आकडे अंगणात खांबाला बांधून घेतले. खोलीत तेवढी जागा नाही. खोलीत मी ओढायला सुरुवात करते तेव्हा हात गजापासून पावणेचार फुटांवर असतात आणि शेवटी साडेपाच फुटांवर. मागे ढीग आहे, आणखी मागे सरकता येत नाही.

निवृत्त_पीटी_सर
आता बघा, सगळं उघड झालं.

पावणेचार फूट म्हणजे ४५ इंच. तुमचा पट्टा न ताणता ४१ इंच. म्हणजे सुरुवातीला तो चारच इंच ताणलेला, जोर अडीच किलोच्या आसपास. साडेपाच फुटांवर तुमच्याच आकड्यांवरून अकरा-साडेअकरा. एका ओढीत ओझं चौपटीच्या वर गेलं. अडीच किलोवर पाठ जागी होत नाही, आणि अकरावर तुम्ही नेमक्या कमजोर जागी असता.

तुमच्याच आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे. चारवरून पाच फुटांवर गेलात तर जाडा पट्टा साडेपाच किलोनं वाढला. पाचवरून सहावर साडेतीननं, सहावरून सातवर फक्त तीननं. आधी झपाट्यानं चढतो, मग सपाट होत जातो. आपल्याला तो सपाट भाग हवा. म्हणून ओढण्याच्या व्यायामाला जाडा पट्टा जवळून नाही, बारीक पट्टा लांबून. तुमचा बारीक पट्टा ५ फुटांवरून सुरू करून ७ वर संपवला तर ५.६ चे साडेनऊ होतात. दुप्पटसुद्धा नाही. सुरुवातीपासून हाताला काहीतरी लागतं आणि शेवटी अडकत नाही.

आता अडचण ही की ७ फूट लांबी तुमच्या खोलीत आडवी मिळत नाही. कापूस नसता तर कोपऱ्यातून कोपऱ्यात, तिरकं, पावणेतेरा फूट मिळाले असते. सध्या ते नाही. पण खोलीला उंचीही असते. वर काय आहे? स्लॅब, टिन की कौलं?

कापूसखोली
टिन आहे सर. टिनाखाली लोखंडी पाईप आडवे, दोन्ही टोकं भिंतीत. मधला पाईप जमिनीपासून ९ फुटांवर.

नागपूर_रिटर्न
वरून ओढणं म्हणजे पुलडाउन. तो वेगळा व्यायाम झाला सर. ताईंना समोरून ओढायचंय, रोइंग. दोन्हींत पाठीचा वेगवेगळा भाग लागतो. खांदे पुढं आलेले असतील तर रोइंगच हवं.

निवृत्त_पीटी_सर
वेगळा आहे, खरं आहे. पण साडेपाच फुटांवर अडकणारं रोइंग आणि नीट होणारं पुलडाउन यांत मी दुसरं घेईन. समोरून ओढायचं काम तोपर्यंत बारीक पट्टा दोन्ही हातांत धरून छातीसमोर फाकवण्यानं थोडंफार होतं, त्याला काहीच बांधावं लागत नाही. ते रोइंगची बरोबरी करतं असं मात्र मी म्हणणार नाही.

ताई, आता वरचं. आधी पाईप तपासा. दिवसा, उजेडात. एक दोर टाकून यांना दोन्ही हातांनी झटके न देता सावकाश लटकायला सांगा. भिंतीतून माती गळली, पाईप हलला किंवा टिन कुरकुरलं तर तो पाईप सोडा. पट्ट्याचा जोर दहा किलोच्या आतच राहणार, पण माणसाचं वजन पेललेला पाईप बरा. ज्यांच्याकडे लाकडी बल्ली आहे त्यांनी उधळी लागलीय का ते सळईनं टोचून पाहावं.

पट्टा थेट पाईपवर नको. गंज आणि वेल्डिंगची कणी रबर कापते. जुन्या सुती लुगड्याची वितभर रुंद पट्टी फाडा, पीळ द्या, पट्ट्यातून ओवा आणि पाईपवर घट्ट गाठ मारा. गाठ आखूड ठेवा, पट्टा पाईपला जवळजवळ टेकला पाहिजे.

खाली मांडी घालून बसा. पट्ट्याच्या खालच्या टोकात फावड्याच्या दांड्याचा दोन हात लांब तुकडा घाला आणि दोन्ही बाजूंना खांद्याएवढ्या अंतरावर धरा. पाईपच्या बरोबर खाली नका बसू, वितभर मागे बसा आणि छाती किंचित वर. म्हणजे पट्टा चेहऱ्याला घासत नाही आणि दांडा हनुवटीच्या पुढून गळ्याच्या हाडापर्यंत येतो. आधी खांदे खाली, मग कोपरं. खांदे कानाकडे चढले की ती वेळ मोजायची नाही.

आणि फवारणीच्या किटमधला चष्मा असेल तर तो लावा. पट्टा तुटला तर या व्यायामात तो वरून तोंडावर येतो.

कापूसखोली
पाईप पक्का निघाला. पण पहिल्या रात्री बारीक पट्टासुद्धा खाली येईना. चार वेळाही झालं नाही. मग लक्षात आलं, मी लुगडं पाईपला बांधून त्याच्या फासातून पट्टा नुसता टाकला होता आणि दोन्ही टोकं धरली होती.

निवृत्त_पीटी_सर
म्हणूनच. पट्टा दुमडला की लांबी निम्मी होते आणि ओढणारे पदर दुप्पट. निम्म्या लांबीचं रबर तेवढंच ताणायला दुप्पट जोर लागतो, आणि पदर दुप्पट म्हणून आणखी दुप्पट. एकूण चौपट. लुगडं पट्ट्यातून ओवायचं, पट्टा लुगड्यातून नाही. पट्टा पूर्ण ४१ इंच लोंबला पाहिजे.

कापूसखोली
आता जमलं. मोजलं तेही सांगते. मांडी घालून हात वर केले की हातापासून पाईपपर्यंत ४ फूट १० इंच. दांडा गळ्यापर्यंत आला की ७ फूट. काट्यावर सुरुवातीला पाचच्या वर आणि शेवटी साडेनऊ. अकरा वेळा झालं, बाराव्याला खांदे चढले. मान दुखली नाही. दुसऱ्या दिवशी काखेच्या मागे, फऱ्याच्या कडेला दुखत होतं. तिथं दुखतं हे मला माहीतच नव्हतं.

किती करू? आणि वाढवायचं कसं? पाईप तर वर सरकवता येत नाही.

निवृत्त_पीटी_सर
पाईप सरकत नाही, पण तुम्ही सरकू शकता. खाली बारदाना घडी करून चार इंच उंच बैठक करा. हात चार इंच वर जातील, पट्टा तेवढा कमी ताणला जाईल, साधारण पाऊण किलोनं हलकं होईल. तिथून सुरू करा. एक दिवसाआड, तीन सेट. प्रत्येक सेट अशा जागी थांबवा की अजून दोन वेळा नीट झाल्या असत्या. मध्ये दोन मिनिटं बसा, घाई नको. तीनही सेटमध्ये १५ वेळा खांदे न चढता झाल्या की बारदान्याची एक घडी काढा. जमिनीवर आलात आणि तिथंही १५ झाल्या की मग जाड्या पट्ट्याचा विचार, तोही काट्यावर मोजून. सरळ जाड्यावर उडी मारलीत तर साडेनऊवरून थेट १६ वर जाल.

वही ठेवा. बैठक किती इंच आणि किती वेळा, एवढंच लिहा.

नागपूर_रिटर्न
सर, मी जिममध्ये सगळ्यांना जाडाच पट्टा द्यायचो. पण तिथं मागे सरकायला वीस फूट असायचे. हे काट्यानं मोजलेले आकडे पाहून माझ्या लक्षात आलं की मी लांब उभं करायचो, म्हणून तो चालायचा. तरी रोइंगचं माझं मत कायम आहे.

मैदान_पास_व्हायचंय
सर, माझ्या गोळ्याचं राहिलं.

निवृत्त_पीटी_सर
बेटा, गोळा पायातून आणि कमरेच्या वळणातून जातो, हात शेवटी लागतो. पट्ट्यानं खांदा आणि पाठ मजबूत होईल, दुखापत कमी होईल, पण फेक लांबायला गोळाच फेकावा लागतो. मी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो. तिथं आधी आठवडाभर नुसतं पाऊल आणि वळण करवून घ्यायचे. गोळा नसेल तर तेवढ्याच वजनाचा गोल दगड मोजून घे आणि मोकळ्या वावरात फेक. त्यासाठी वेगळा धागा काढ, तिथं बोलू. आणि टाके निघेपर्यंत पट्ट्याला हात लावू नको.

मंदाताई_घाटंजी
हे वरून ओढायचं मी केलं तर कंबर दुखायची थांबेल का?

निवृत्त_पीटी_सर
मंदाताई, हे खांदे आणि वरच्या पाठीचं काम आहे. वाकून वाकून जी खालची कंबर भरते तिला याचा थेट फायदा होईल असं मी सांगणार नाही. पायात मुंग्या येत असतील किंवा दुखणं पायात उतरत असेल तर आधी डॉक्टर.

कापूसखोली
सहा आठवडे झाले, म्हणून पुन्हा लिहितेय. चार इंचाच्या बारदान्यावर १०, ९, ८ नं सुरुवात केली होती. तिसऱ्या आठवड्यात १५, १५, १३ झालं, चौथ्यात तीनही १५. मग एक घडी काढली, दोन इंच राहिले. आता जमिनीवर बसून १३, १२, ११ होतात. मध्ये पाच दिवस हरभऱ्याच्या कामात गेले. परत आल्यावर दोन वेळा कमी झालं, आठवड्यात भरून निघालं.

एक शंका आहे. काल सहज काटा लावला तर ७ फुटांवर साडेनऊऐवजी ८.८ आले. म्हणजे मी वाढले असं समजत होते त्यातलं काही पट्ट्याच्या ढिलेपणाचं आहे का?

कास्तकार_अकोट
टिनाखाली ठेवला असन पट्टा. उन्हानं रबर पाघळते बाप्पा. आमचा पाईपाचा वायसर तसाच जाते.

निवृत्त_पीटी_सर
काही भाग तसा असू शकतो. नवं रबर पहिल्या काही वापरांत थोडं मऊ पडतंच. म्हणून मोजताना दरवेळी सारखंच करा. आधी दहा वेळा पूर्ण ताणा, मग काटा लावा. तसं मोजून काय येतं ते पाहा. दुसरं, पट्टा जमिनीवर सपाट ठेवून लांबी मोजा. ४१ चे ४२ झाले असतील तर तो थोडा लांबून बसलाय. गोठ्याकडच्या खिडकीत नेऊन उजेडात दीडपट ताणा आणि कड पाहा. केसासारख्या आडव्या भेगा किंवा पदर सुटलेला दिसला तर त्याच दिवशी टाकून द्या, बांधून पुन्हा वापरू नका.

दादा म्हणतात ते खरं आहे. चैत्रापासून टिनाखाली पट्टा लोंबत ठेवू नका. काम झालं की सोडवा, पुसा, टाल्कम पावडर लावून स्टीलच्या डब्यात, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा. हाताला खोबरेल लागलेलं असताना धरू नका, तेलानं रबर फुगून सडतं.

कापूसखोली
दहा वेळा ताणून मोजलं, ९.१ आले. लांबी ४१ आणि वर दोन दोरे. भेगा नाहीत. हातावर खोबरेल मात्र रोज असायचं, लेकराला मालिश करून लगेच बसायचे. आता आधी हात धुते.

म्हणजे थोडं पट्ट्याचं, थोडं माझं. किती कुणाचं ते काढता येईल का सर?

निवृत्त_पीटी_सर
नेमकं नाही काढता येणार. पण बारदाना काढला तेव्हा पाऊण किलो वाढलं, आणि पट्टा चारशे ग्रॅमनं मऊ झाला. वाढ जास्त आहे. पुढच्या महिन्यात असंच मोजा. ८ च्या खाली आला तर नवा घ्या.

कापूसखोली
बरं. व्यापारी परवा येतोय, भाव ठरला तर कापूस जाईल आणि खोली मोकळी होईल. मग नागपूरभाऊंचं रोइंग कोपऱ्यातून करून पाहते, बारीक पट्ट्यानं, ५ फुटांवरून. खिडकी कोपऱ्यात नाही, म्हणून पट्टा कुठं बांधायचा ते अजून कळत नाहीये. कुणाच्या खोलीत असं काही केलेलं असेल तर सांगा.

सासऱ्यांनी काटा कुठंय म्हणून विचारलं होतं. सांगितलं सगळं. म्हणाले, वेचणी संपली, राहू दे तुझ्याकडेच.